उत्तरे घेतली, आता हिशेब द्या

सर्वेक्षणात उत्तरे देणाऱ्या लोकांना नंतर काही कळवावे की नाही, या प्रश्नावर सामाजिक संस्था, शासकीय विभाग आणि संशोधक यांच्यात जो वाद चालतो, त्यात दोन्ही बाजू चुकीच्या मुद्द्यावर भांडत असतात असे माझे मत आहे. एक बाजू म्हणते की लोकांनी आपला वेळ दिला, घरात बसायला जागा दिली, चहा पाजला, तेव्हा त्यांचे आभार मानणे हा साधा शिष्टाचार आहे. दुसरी बाजू म्हणते की लोकांना तक्त्यांत आणि टक्केवारीत रस नसतो, पत्रे पाठवण्याचा खर्च मोठा असतो आणि तोच पैसा कामावर लावलेला बरा. शिष्टाचार विरुद्ध खर्च असा हा सामना लागला की निकाल ठरलेलाच असतो, कारण शिष्टाचाराला अंदाजपत्रकात रकाना नसतो. शेवटी मोबाइलवर एक ओळ जाते: ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल धन्यवाद. आपल्या अभिप्रायामुळे आमच्या सेवा अधिक चांगल्या होतील.’ कोणता अभिप्राय, कोणती सेवा, कधीपासून आणि कोणाच्या जबाबदारीवर, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसते.

माझे म्हणणे असे, की सहभागी लोकांना निष्कर्ष आणि त्यांतून होणारे बदल कळवणारे पत्र हा सर्वेक्षणाचाच शेवटचा टप्पा आहे. प्रश्नावली तयार करणे, नमुना निवडणे आणि उत्तरे तपासणे याइतकाच तो कामाचा भाग आहे. आभार हे त्या पत्राचे पहिले वाक्य असावे, आशय नव्हे. त्यातला आशय म्हणजे हिशेब: तुम्ही सर्वांनी मिळून काय सांगितले, त्यावरून आम्ही काय ठरवले, काय आम्हाला जमणार नाही आणि उरलेले कोणाच्या हातात आहे. हा हिशेब द्यायची तयारी नसेल, तर आभाराची ओळही पाठवू नये. ‘तुमच्या उत्तरांमुळे’ असे लिहिले की आपण एक कार्यकारणसंबंध सांगत असतो, आणि तो खरा नसेल तर पुढच्या वेळी त्या दारात उभे राहताना लोकांच्या चेहऱ्यावर ते दिसते.

ही अपेक्षा नवी किंवा अवास्तव नाही. वैद्यकीय संशोधनासाठीच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात 2013 च्या सुधारणेनुसार असे स्पष्ट म्हटले आहे की संशोधनात सहभागी झालेल्या सर्वांना अभ्यासाचे सर्वसाधारण निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. म्हणजे रक्ताचा नमुना देणाऱ्याला हा हक्क तत्त्वतः मान्य झालेला आहे. घरातली कर्जे, बाळंतपणे, मुलांची गळती आणि सरकारी दवाखान्यातले अनुभव अनोळखी माणसाला सांगणाऱ्याला तो का नसावा? रक्त पुन्हा तयार होते. सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही.

आपल्याकडचा जुना दाखला पाहावा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर आणि शेतोशेत अभ्यास करून 1917 साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. भारतातल्या ग्रामअभ्यासाच्या परंपरेत या पुस्तकाचे स्थान मोठे आहे आणि ते योग्यच आहे. 1771 मध्ये या गावात सरासरी धारणा सुमारे 40 एकर होती, ती 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली होती, हा त्यातला निष्कर्ष आजही उद्धृत होतो. बहुसंख्य धारणा इतक्या लहान झाल्या होत्या की चांगल्या वर्षातही त्यांवर कुटुंब जगू शकत नव्हते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. पण हे पुस्तक इंग्रजीत होते. ज्यांच्या बांधांची मोजणी झाली आणि ज्यांच्या कर्जाची बेरीज झाली, त्यांच्यासाठी ते लिहिलेले नव्हते. ते सरकारसाठी आणि अभ्यासकांसाठी होते. मान यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्या काळाच्या मानाने त्यांची आस्था विरळाच होती. प्रश्न एवढाच की शंभर वर्षांनंतर आपला अहवाल कोणासाठी लिहिला जातो? भाषा कदाचित मराठी झाली असेल, मुखपृष्ठ रंगीत झाले असेल. पण प्रती अजूनही मंत्रालय, देणगीदार आणि ग्रंथालय याच तीन ठिकाणी जातात.

याच्या उलट टोकाचे उदाहरण राजस्थानात आहे. डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. गावातल्या सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले मोठ्याने वाचून दाखवली गेली, आणि ज्यांची नावे त्यांत होती तेच लोक समोर बसून त्यांचा खरेखोटेपणा सांगू लागले. हे सर्वेक्षण नव्हते हे मला मान्य आहे. पण ‘लोकांना आकड्यांत रस नसतो’ या विधानाचे खंडन इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कशाने क्वचितच झाले असेल. हजेरीपटाइतका रुक्ष कागद शोधून सापडणार नाही. तरीही लोक तासन्‌तास ऐकत बसले, कारण ते आकडे त्यांच्याबद्दल होते आणि ते ऐकून त्यांना काहीतरी करता येत होते. सर्वेक्षणाच्या निष्कर्षांत लोकांना रस वाटत नसेल, तर या दोहोंपैकी काय हरवले आहे हे आधी तपासावे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा घेतो, कारण त्याला बगल देऊन ही चर्चा पुढे नेणे अप्रामाणिक ठरेल. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या संस्थेने अर्थशास्त्रज्ञांच्या सोबतीने 280 गावांत एक प्रयोग केला; त्याचा शोधनिबंध 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत सभा घेऊन लोकांना शाळेबद्दलची माहिती आणि ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत याखेरीज लोकांना मुलांची वाचनचाचणी कशी घ्यायची हे शिकवले आणि त्यांच्याकडूनच गावाचे प्रगतिपुस्तक तयार करून घेतले. तिसऱ्या गटातल्या गावांत या सगळ्याबरोबर स्थानिक तरुणांना मुलांचे वाचनवर्ग घेण्याचे थोडके प्रशिक्षण दिले. उरलेली गावे तुलनेसाठी ठेवली होती. पहिल्या दोन प्रकारच्या गावांत शाळेत, शिक्षकांच्या वागण्यात किंवा पालकांच्या सहभागात म्हणावा असा काहीही फरक पडला नाही. आपल्या गावातली निम्मीशिम्मी मुले वाचू शकत नाहीत हे कळूनही लोक समितीच्या बैठकीला गेले नाहीत. तिसऱ्या गटात मात्र वर्गांना बसलेल्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले.

माहिती परत दिली की लोक जागे होतात आणि बदल घडतो, ही समजूत जौनपूरने मोडीत काढली हे मान्य करायलाच हवे. पण म्हणून माहिती देऊ नये असा निष्कर्ष काढणारे लोक तिसरा गट विसरतात. पहिल्या दोन गटांना निष्कर्ष मिळाला आणि पुढची सगळी जबाबदारीही त्यांच्याच डोक्यावर आली: समितीत जा, अर्ज करा, शिक्षकाला जाब विचारा. ज्या समितीचे नावही अनेकांनी ऐकलेले नव्हते, तिच्या वाटेने जाऊन सरकारी यंत्रणा हलवणे हे शेतमजुराला सुचवलेले काम होते. तिसऱ्या गटात मात्र पाऊल ठरलेले होते: अमक्या ठिकाणी, अमक्या वेळी, अमकी व्यक्ती वर्ग घेईल, मुलाला पाठवा. म्हणजे जौनपूरचा धडा असा की केवळ निष्कर्ष सांगून थांबणारे पत्र निरुपयोगी असते. ‘यामुळे काय बदलणार आहे’ हा उत्तरार्ध पत्रात असलाच पाहिजे, आणि त्या बदलाचा भार प्रथम उत्तरे घेणाऱ्याने उचलला पाहिजे, या मताला हा प्रयोग बळकटीच देतो.

महाराष्ट्रात याची एक वाट तयारही झाली होती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली 2007 मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख ठेवण्याची प्रक्रिया नऊ राज्यांत सुरू झाली. आपल्याकडे तिचे समन्वयन पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने केले आणि सुरुवात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत झाली. गावातल्या समितीने लोकांशी बोलून लसीकरण, बाळंतपणाची सेवा, औषधे, कर्मचाऱ्यांची वागणूक अशा बाबींवर गावाचे आरोग्य प्रगतिपत्रक भरायचे आणि प्रत्येक बाबीला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा, अशी तिची पद्धत होती. हा रंग वाचता न येणाऱ्या बाईलाही कळत असे. पुढे जनसुनवाईत आरोग्य अधिकारी समोर बसत आणि लाल चौकटीबद्दल उत्तर देत. म्हणजे निष्कर्ष आणि उत्तर एकाच मांडवात होते. बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी देणे किंवा मोफत सेवेसाठी पैसे घेणे यांसारख्या गोष्टींना काही ठिकाणी याच सुनावण्यांनी आळा बसला. हे सर्वत्र झाले असे नाही. अधिकारी गैरहजर राहिले की सुनावणी म्हणजे गाऱ्हाण्यांची यादीच उरे.

प्रत्यक्ष पत्र कसे असावे याचे एक उदाहरण करून पाहतो. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातल्या अडचणी या क्षेत्रात काम केलेल्या कोणालाही ओळखीच्या वाटतील. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या बारा गावांत 300 कुटुंबांची निवड करून विचारणा झाली. पत्राचा पहिला परिच्छेद असा असू शकेल: ‘सप्टेंबरमध्ये आमचे कार्यकर्ते तुमच्या बारा गावांतील 300 घरी आले होते. 246 घरांनी उत्तरे दिली, त्यांचे आभार. या घरांपैकी 164 घरांतले कोणी ना कोणी गेल्या तीन महिन्यांत आरोग्य केंद्रात आले होते. त्यांतल्या 71 घरांनी सांगितले की केंद्रात औषध न मिळाल्याने निदान एकदा ते बाहेरून विकत घ्यावे लागले.’ हे शेकड्यात 43 होते. पत्रात मात्र ‘दहा घरांपैकी चारांहून थोडी अधिक’ असे लिहिणे बरे, आणि तेही 246 पैकी नव्हे तर 164 पैकी, कारण जे केंद्रात आलेच नाहीत त्यांना औषध मिळाले की नाही हा प्रश्न लागू होत नाही. छेद चुकीचा घेतला की 71 चे प्रमाण एकदम 29 टक्क्यांवर येते आणि केंद्राची अब्रू फुकटात वाचते. अहवाल वाचताना ही लबाडी, किंवा निष्काळजीपणा, सर्वांत आधी तपासावा. शिवाय नमुना एवढा लहान असताना 43 हा आकडा काटेकोर नसतो. दुसरी 300 घरे निवडली असती तर तो 36 ते 51 च्या दरम्यान कुठेही आला असता. म्हणून पुढच्या वर्षी तो 39 झाला, तर त्याला सुधारणा म्हणण्याची घाई करू नये.

दुसरा परिच्छेद बदलाचा. इथे पत्रे सर्वाधिक फसतात, कारण लिहिणाऱ्याला सगळेच गोड सांगायचे असते. खरे पत्र असे लिहावे लागेल: ‘1 डिसेंबरपासून शिल्लक औषधांची यादी रोज सकाळी दाराजवळच्या फलकावर लावली जाईल, ही जबाबदारी औषधनिर्माण अधिकाऱ्यांची आहे. जिल्ह्याकडून पुरवठा येईपर्यंत नेहमी लागणारी काही औषधे रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक पातळीवर खरेदी करण्याचा ठराव समितीने केला आहे. दुसऱ्या डॉक्टरांची रिकामी जागा भरणे आमच्या अधिकारात नाही. त्याबद्दल तुमचे म्हणणे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना 12 नोव्हेंबर रोजी लेखी कळवले आहे. अजून उत्तर आलेले नाही. आले की ते ग्रामपंचायतीत लावू. सायंकाळच्या बाह्यरुग्ण सेवेची वेळ वाढवण्याचा निर्णय याआधीच झाला होता. तो या सर्वेक्षणामुळे झालेला नाही.’ शेवटचे वाक्य लिहायला कोणी तयार होत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. आधीच ठरलेल्या गोष्टीचे श्रेय लोकांना दिले तर त्यात वाईट काय, असे विचारले जाते. वाईट हे की गावात कोणाला तरी खरे माहीत असते, बहुधा आशा कार्यकर्तीला. आणि एक वाक्य खोटे ठरले की औषधांच्या फलकाबद्दलचे खरे वाक्यही त्याच मापाने मोजले जाते.

गोपनीयतेचा आक्षेप मला खर्चाच्या आक्षेपापेक्षा कितीतरी गंभीर वाटतो. वरच्याच उदाहरणात समजा एका पाड्यावर बाळंतपणाच्या वेळी पैसे मागितल्याचे चार घरांनी सांगितले, आणि त्या वर्षात तिथे बाळंतपणेच पाच झाली होती. ‘अमुक पाड्यावर पाचपैकी चार’ असे पत्रात छापले की त्या चार बायका कोण हे नर्सला विचारावे लागत नाही. पुढच्या बाळंतपणात त्यांना कोणाच्या हाताखाली जायचे आहे? इथे निष्कर्ष परत देणे हेच नुकसान ठरते, आणि हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावरचा उपाय मौन नाही. दहापेक्षा कमी घरांवर आधारलेला आकडा स्वतंत्रपणे देऊ नये, शेजारची गावे एकत्र करून द्यावा, हा आकडेवारीच्या व्यवहारातला नित्याचा नियम आहे. त्यातही एक खाच असते. बारा गावांची एकूण बेरीज दिली आणि अकरा गावांचे आकडे वेगवेगळे दिले, तर बारावे गाव वजाबाकीने उघडे पडते; म्हणून एक गाव झाकायचे असेल तर निदान आणखी एक झाकावे लागते. लोकांची वाक्ये जशीच्या तशी उद्धृत करण्याची हौस तर आवरावीच. ‘माझी सून भरल्या दिवसांची असताना रुग्णवाहिका तीन तास आली नाही’ हे वाक्य नावाशिवाय छापले तरी सगळ्या पंचक्रोशीला नाव ठाऊक असते. पैसे मागितल्याची तक्रार पत्रात न छापता वेगळ्या वाटेने चौकशीकडे न्यावी आणि पत्रात एवढेच म्हणावे की मोफत सेवेसाठी पैसे मागितल्याच्या काही तक्रारी आल्या, त्यांची चौकशी कोणाकडे सोपवली आहे आणि नवी तक्रार नाव न सांगता कुठे करता येईल.

याला जोडून एक व्यवहारी शंका येते: उत्तरे निनावी असतील तर पत्र पाठवायचे कोणाला? ज्यांना कळवून घ्यायचे आहे त्यांचा मोबाइल क्रमांक प्रश्नावलीवर न लिहिता वेगळ्या वहीत घ्यावा, त्या वहीवर कुटुंबाचा सर्वेक्षण क्रमांक नसावा, आणि काम संपले की ती नष्ट करावी. पण गावपातळीवर मला त्याहून सोपे आणि न्याय्य हे वाटते की पत्र सगळ्या गावाला द्यावे. उत्तरे 246 घरांची असली तरी औषधांचा फलक सर्वांसाठी आहे. उत्तर न दिलेल्या 54 घरांनाही ते वाचू द्यावे. कदाचित ती घरे गप्प का राहिली हे त्यातूनच कळेल. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्याकडे आहे. बाळंतपणाच्या सेवेबद्दलचे निष्कर्ष तिथे वाचले तर ज्या बायका मोठ्या सभेत मागच्या रांगेत गप्प बसतात त्या बोलतील. व्हॉट्सॲपवर चित्र पाठवून मोकळे होणे सोयीचे आहे खरे, पण घरातला फोन कोणाच्या खिशात असतो याचा विचार आधी करावा.

संशोधकांचा आणखी एक आक्षेप असा, की मधल्या फेरीचे निष्कर्ष लोकांना सांगितले तर पुढच्या फेरीची उत्तरे दूषित होतात. औषध न मिळाल्याची बातमी गावभर झाली की ज्यांनी आधी ते मनावर घेतले नव्हते तेही पुढच्या वेळी सांगू लागतील, आणि परिस्थिती तीच असताना आकडा वाढेल. हे खरे आहे. एकाच कुटुंबांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात किंवा उपचारांची तुलना करणाऱ्या प्रयोगात शेवटची फेरी होईपर्यंत निष्कर्ष राखून ठेवणे मला पटते. फक्त ते केव्हा कळवले जातील हे पहिल्याच भेटीत सांगावे. परंतु आपल्याकडची बहुतेक सर्वेक्षणे अशी कुठे असतात? सेवा सुधारण्यासाठी विचारले असेल तर लोकांची अपेक्षा वाढणे हा दोष नाही. तोच तर उद्देश आहे. आकड्यांच्या शुद्धतेची इतकीच चिंता असेल तर पुढच्या फेरीत नवी घरे निवडावीत.

राष्ट्रीय पातळीवर हे अशक्य आहे, असेही म्हटले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 6 लाखांहून अधिक कुटुंबे होती. त्या प्रत्येकाला पत्र कोण लिहिणार? पण याच सर्वेक्षणात एक गोष्ट चोख होते, ती क्वचितच लक्षात घेतली जाते. बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन तपासले की त्याचा निकाल त्या व्यक्तीला तिथेच सांगितला जातो. रक्तदाबाचेही तसेच, आणि गंभीर असेल तर दवाखान्यात जाण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे व्यक्तीचा निष्कर्ष दारातच परत देण्याची शिस्त एवढ्या प्रचंड यंत्रणेलाही जमते. जिल्ह्याचा निष्कर्ष मात्र संकेतस्थळावरच्या इंग्रजी तक्त्यात राहतो. तुमच्या जिल्ह्यातल्या किती बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, एवढे एक वाक्य अंगणवाडीच्या भिंतीपर्यंत पोहोचवायला किती लाख पत्रे लागतात?

उरतो तो सर्वांत अवघड प्रसंग: सर्वेक्षण करणाऱ्याच्या हातात काही बदलण्याचा अधिकारच नसतो. बंगळुरूमध्ये सॅम्युअल पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये पाणी, वीज, कचरा आणि इतर नागरी सेवांबद्दल नागरिकांना विचारून प्रत्येक यंत्रणेचे प्रगतिपुस्तक जाहीर केले. त्यांच्याकडे ना नळ होते, ना झाडू. गुण फारच कमी पडले आणि बहुतेक यंत्रणांनी सुरुवातीला दुर्लक्ष केले. 1999 मध्ये तेच प्रश्न पुन्हा विचारले तेव्हा सुधारणा थोडीच दिसली. लक्षणीय सुधारणा दिसायला 2003 ची तिसरी फेरी यावी लागली. अशा ठिकाणी पहिल्याच पत्रात बदलाची हमी दिली असती तर ती खोटी ठरली असती. निष्कर्ष कोणाला, कोणत्या तारखेला दिले, त्यांनी काय उत्तर दिले किंवा दिले नाही, आणि आपण पुन्हा कधी विचारणार आहोत, एवढेच अशा पत्रात प्रामाणिकपणे लिहिता येते, आणि ते पुरेसे आहे. बंगळुरूच्या लोकांनी नऊ वर्षांत तीनदा उत्तरे दिली, याचे मला तरी नवल वाटत नाही. पहिल्या खेपेला सांगितलेले जाहीरपणे मांडले गेले हे त्यांनी पाहिले होते.

आता खर्चाकडे येतो, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. कोणत्याही सर्वेक्षणाचे अंदाजपत्रक उघडा. त्यात प्रगणकांचे प्रशिक्षण असते, टॅब असतात, प्रवासभत्ता असतो, अहवालाची छपाई असते आणि ‘निष्कर्ष प्रसार’ नावाचा एक भारदस्त रकाना असतो, जो बहुतेक वेळा शहरातल्या हॉटेलातल्या अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेवर आणि तिथल्या जेवणावर खर्च होतो. बारा गावांत परत जायला लागते ती एक गाडी, दोन कार्यकर्ते, चार-पाच दिवस आणि काही शे प्रतींची झेरॉक्स. हा खर्च परवडत नाही हे मी मान्य करत नाही. तो मागितलाच जात नाही. म्हणून माझी सूचना देणगीदारांना आणि शासकीय विभागांना आहे. प्रकल्प मंजूर करतानाच या परतीच्या फेरीचा रकाना सक्तीचा करावा. लोकांना दिलेल्या पत्राची प्रत, ते कुठे वाचले गेले त्या सभांच्या तारखा आणि पत्रात कबूल केलेल्या मुदतीनंतर पाठवलेले दुसरे पत्र, ज्यात फलक लागला की नाही आणि डॉक्टरांच्या जागेचे काय झाले हे लिहिलेले असेल, अशी तीन कागदपत्रे हातात आल्याशिवाय निधीचा शेवटचा हप्ता सोडू नये.